लॅपटॉपवर चालणारी फिल्म हॉलमध्ये का अडते

घरच्या कार्यक्रमासाठी फिल्म बनवणारी माणसं आदल्या रात्री एक तपासणी हमखास करतात. तयार फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, तो लॅपटॉपला लावून फाइल उघडायची आणि ती चालली की झोपायला जायचं. पण टीव्हीवर काय होईल, हे त्यातून अजिबात कळत नाही. लॅपटॉपमधला व्हीएलसीसारखा प्लेअर जवळजवळ सगळ्या प्रकारचे व्हिडिओ उलगडण्याची सोय स्वतःबरोबरच घेऊन येतो, आणि एखादा प्रकार जड गेला तर प्रोसेसरची ताकद वापरून तो निभावून नेतो. टीव्हीमध्ये हे काम चिपचा एक ठरावीक भाग करतो. त्याला जे प्रकार येतात ते कारखान्यातच ठरलेले असतात. त्यापलीकडचं काही समोर आलं की पडद्यावर ‘फाइल सपोर्टेड नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. कधी चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तर कधी नुसता आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो.

म्हणून पेनड्राइव्हसाठी एक्स्पोर्ट करताना आपल्याकडच्या सर्वांत चांगल्या यंत्राचा विचार बाजूला ठेवून, समोर येऊ शकेल अशा सर्वांत जुन्या टीव्हीचा विचार करावा. यात चित्राची थोडी श्रीमंती सोडावी लागते, पण दहा-बारा फुटांवर बसलेल्या पाहुण्यांना तो फरक सहसा जाणवत नाही.

उदाहरण म्हणून एक फिल्म घेऊ. सांगलीतल्या मंगल कार्यालयात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पुण्यात राहणारी भाची त्यासाठी १८ मिनिटांची फिल्म तयार करते आहे. तिच्याकडे अमेरिकेतल्या मुलाने आयफोनवर काढून पाठवलेल्या शुभेच्छा आहेत, नातवाने अँड्रॉइड फोनवर संध्याकाळच्या उजेडात घेतलेली आत्याची मुलाखत आहे, १९८८ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतलेली आहे आणि अल्बममधले फोटो आहेत. कार्यालयात भिंतीवर एक टीव्ही आहे आणि स्टेजसमोर प्रोजेक्टर आहे. भाची कार्यक्रमाच्या दिवशीच पोहोचणार असल्यामुळे पेनड्राइव्ह भावाबरोबर आधीच जाईल.

एक्स्पोर्टची खिडकी उघडली की पहिला प्रश्न फाइलच्या प्रकाराचा येतो, आणि घोटाळ्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. फाइलच्या नावाअखेरचं `.mp4` हे नुसतं डब्याचं नाव आहे. आत लाडू आहेत की चिवडा, ते डब्याच्या आकारावरून कळत नाही. त्या डब्यात चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ते वेगळं ठरतं, आवाजाचं तर आणखी वेगळं. त्यामुळे दोन फाइली `.mp4` असूनही एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही.

चित्रासाठी `H.264` निवडावं. हे मानक २००३ सालचं आहे आणि पेनड्राइव्हवरून व्हिडिओ दाखवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक एचडी टीव्हीला ते येतं. यादीत त्याच्या शेजारीच `H.265` किंवा `HEVC` दिसतं. त्यात तितकंच चांगलं चित्र कमी जागेत बसतं, म्हणून मोह होतो, पण ते २०१३ सालचं आहे आणि जुन्या टीव्हींना ते उलगडता येत नाही. आवाज `AAC`, स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवावा. चित्र चालतंय पण टीव्ही मुका आहे, अशी तक्रार आली की बहुधा आवाज भलत्याच प्रकारात गेलेला असतो. थिएटरसारख्या सहा वाहिन्यांच्या आवाजाची घरच्या फिल्मला गरज नसते.

`H.264` निवडल्यावरही एक खाच उरते. या पद्धतीच्या पोटात प्रोफाइल आणि लेव्हल अशा दोन मर्यादा आहेत. प्रोफाइलवरून चित्र दाबण्याच्या कोणत्या युक्त्या वापरल्या ते ठरतं, तर लेव्हलवरून उलगडणाऱ्या यंत्रावर जास्तीत जास्त किती भार येईल ते ठरतं. `High` प्रोफाइल आणि लेव्हल `4.0` ही जोडी १९२० बाय १०८० आकाराच्या, सेकंदाला ३० चौकटींच्या चित्राला पुरेशी आहे आणि टीव्हीच्या आवाक्यातली आहे. त्याच आकारात सेकंदाला ६० चौकटी केल्या की लेव्हल ४.२ वर जाते, आणि तिथे काही जुने टीव्ही अडखळतात. रंगांची खोली ८ बिटच हवी. `H.264` मध्ये १० बिटचाही एक प्रकार आहे. संगणक तो बिनतक्रार दाखवतो, पण टीव्हीला तो साधारणपणे येत नाही. नव्या फोनमधली मूळ क्लिप १० बिटची असेल तर काही सॉफ्टवेअरं काहीही न विचारता निर्यातही १० बिटमध्येच करतात.

यावरून आपण भाचीच्या आयफोनच्या क्लिपांकडे येतो. आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआर पद्धतीने, म्हणजे १० बिटमध्ये आणि उजेडाच्या मोठ्या आवाक्यासह चित्रण करतात. अशी क्लिप साध्या टाइमलाइनवर जशीच्या तशी टाकली तर चेहरे फिकट, धुवट दिसतात किंवा कपाळ-गाल पांढरे फटक पडतात. एक्स्पोर्टच्या वेळी बिट कमी केल्याने हे सुधारत नाही. संकलन करतानाच ती क्लिप साध्या रंगपद्धतीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये `Rec.709` लिहिलेलं असतं त्यात, बदलून घ्यावी लागते. त्याहून सोपं म्हणजे चित्रण करणाऱ्यालाच आधी सांगावं, की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `HDR Video` बंद कर आणि फॉरमॅटमध्ये `Most Compatible` निवड. मुलाने आधीच पाठवलेल्या क्लिपांना हा उपाय लागू नाही, पण उरलेल्या नातेवाइकांना भाची एका निरोपात हे कळवू शकते.

अँड्रॉइडवरच्या मुलाखतीची अडचण वेगळी आहे आणि ती उशिरा लक्षात येते. फोनवर ‘सेकंदाला ३० चौकटी’ असं लिहिलेलं असलं तरी उजेड कमी झाला की फोन प्रत्येक चौकटीला जास्त वेळ देतो आणि चौकटी कमी होतात. मधेच सेकंदाला २४, मग २९, मग पुन्हा ३०, असा तो वेग हलत राहतो. काही संकलन सॉफ्टवेअरं हा वेग एकसारखा धरून चालतात. त्यामुळे मुलाखतीच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, दहाव्या मिनिटाला मात्र आत्याचं बोलणं ओठांच्या पुढे किंवा मागे पडलेलं असतं. म्हणून हा दोष शोधायचा असेल तर क्लिपची सुरुवात पाहून उपयोग नाही, शेवट पाहावा. उपाय संकलनाआधीच करायचा असतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडावी, `Fast 1080p30` हा तयार साचा निवडावा आणि व्हिडिओच्या पानावर `Constant Framerate` वर खूण करून नवी फाइल बनवावी. मग ती टाइमलाइनवर घ्यावी. काहीजण आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे म्हणून सगळं २५ चौकटींवर आणतात. मूळ चित्रण ३० चं असेल तर तसं करू नये. दर सेकंदाला पाच चौकटी गळतात आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र गचके खातं.

व्हीएचएसचं चित्र ७२० बाय ५७६ चं आणि जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचं असतं. ते ताणून रुंद पडदा भरायला जाऊ नये, लग्नातली सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. शिवाय कॅसेटवरचं चित्र एकाआड एक ओळींनी नोंदलेलं असल्यामुळे हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. संकलन सॉफ्टवेअरमधला `Deinterlace` हा पर्याय त्या क्लिपपुरता चालू केला की ते जातात.

आता बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती जागा द्यायची ते. भाचीने सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडलं आणि ४के मध्ये सेकंदाला ४५ मेगाबिटने निर्यात झाली, तर १८ मिनिटांची फाइल सुमारे ६ जीबीची होईल. आकडा सहज काढता येतो. १८ मिनिटं म्हणजे १०८० सेकंद, त्याला ४५ ने गुणायचं आणि मेगाबिटचे मेगाबाइट करण्यासाठी ८ ने भागायचं, की ६०७५ एमबी येतात. हाच हिशेब १० मेगाबिटने केला तर चित्राचे १३५० एमबी होतात. आवाजाचे २५-३० एमबी मिळवले तरी फाइल १.४ जीबीच्या आतच राहते. १०८० च्या आकारातल्या घरगुती फिल्मला सेकंदाला १० मेगाबिट भरपूर आहेत. २० च्या वर नेण्याने चित्रात दिसण्याजोगं काही वाढत नाही. उलट फुलांचा वर्षाव किंवा फटाके अशा दृश्यांत भार एकदम उसळला की टीव्हीची चिप किंवा हळू वाचला जाणारा पेनड्राइव्ह मागे पडतो आणि चित्र थबकतं.

ज्यांना आज्ञा लिहून काम करायची सवय आहे, त्यांना हे सगळं एफएफएमपेगमध्ये एकदम सांगता येतं. संकलन सॉफ्टवेअरमधून आधी चांगल्या प्रतीची, साध्या रंगपद्धतीतली मूळ फाइल काढावी आणि मग तिच्यावर हे चालवावं:

```
ffmpeg -i master.mov -vf "scale=1920:1080,fps=30" \
 -pix_fmt yuv420p -c:v libx264 -profile:v high -level 4.0 \
 -b:v 10M -maxrate 15M -bufsize 20M \
 -c:a aac -b:a 192k -ar 48000 -ac 2 aatya.mp4
```

मूळ फाइल १६:९ आकाराची आहे असं इथे गृहीत धरलं आहे. `yuv420p` म्हणजे ८ बिटचं, टीव्हीच्या ओळखीचं रंगांचं मांडणं. `maxrate` मुळे भार १५ मेगाबिटच्या आसपास अडवला जातो, म्हणजे फुलांच्या वर्षावातही टीव्हीचा दम टिकतो.

फाइल कोणत्याही मार्गाने बनवली तरी ती हवी तशी बनली का, हे मीडियाइन्फो या छोट्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. तिथे चार ओळी शोधाव्यात: `Format profile` समोर `High@L4`, `Bit depth` समोर `8 bits`, `Chroma subsampling` समोर `4:2:0` आणि `Frame rate mode` समोर `Constant`. यातली एखादी चुकली असेल तर ते कार्यालयात कळण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं.

पेनड्राइव्हबद्दल लोक सहसा विचारच करत नाहीत, पण फिल्म उत्तम असून केवळ पेनड्राइव्हमुळे ती दिसत नाही, असं बरंच घडतं. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. सर्वांत जुनी आणि टीव्ही-प्रोजेक्टरांत सर्वांत जास्त चालणारी पद्धत म्हणजे `FAT32`. तिच्यात एकच फाइल ४ जीबीची किंवा त्याहून मोठी ठेवता येत नाही. भाचीची ६ जीबीची फाइल तिथे टाकायला गेलं की विंडोज सांगतं, पेनड्राइव्हवर जागा रिकामी असूनही फाइल फार मोठी आहे. मग माणसं `exFAT` किंवा `NTFS` कडे वळतात. नव्या टीव्हींना ते वाचता येतं, जुन्यांना आणि बऱ्याच प्रोजेक्टरांना येत नाही. आपली फाइल १.४ जीबीची असल्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा `exFAT` मध्येच येतात, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर `FAT32` देत आलेली नाही.

मॅकवर पेनड्राइव्ह तयार करणाऱ्यांनी डिस्क युटिलिटीमध्ये `MS-DOS (FAT)` आणि योजनेच्या जागी `Master Boot Record` निवडावं. ॲपलची स्वतःची पद्धत टीव्हीला कळत नाही आणि पेनड्राइव्ह रिकामा असल्यासारखा वागतो. मॅकची आणखी एक खोड आहे. तो प्रत्येक फाइलशेजारी `._` ने सुरू होणारी एक चिमुकली, लपलेली फाइल ठेवतो. मॅकवर ती दिसत नाही, टीव्हीवर दिसते. यादीत `aatya.mp4` आणि `._aatya.mp4` अशी दोन नावं येतात. रिमोट हातात घेतलेला माणूस पहिली उघडतो, ती चालत नाही आणि फिल्म बिघडल्याची हाकाटी होते. टर्मिनलमध्ये `dot_clean -m /Volumes/AATYA` ही आज्ञा दिली की त्या फाइली जातात. शेवटचा शब्द म्हणजे पेनड्राइव्हचं नाव.

फाइलचं नाव छोटं आणि रोमन लिपीत ठेवावं. मराठी नाव काही टीव्हींवर चौकोनांच्या रांगेसारखं दिसतं. त्याच कारणाने सबटायटलची वेगळी फाइल पेनड्राइव्हवर ठेवू नये. टीव्हीकडे देवनागरी अक्षरं नसतात किंवा असली तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. आत्याच्या बोलण्याखाली मराठी ओळी हव्या असतील तर त्या चित्रातच छापून निर्यात करावी. पेनड्राइव्हवर दुसरं काही नसावं. कित्येक टीव्ही आधी सगळ्या फाइली चाळतात आणि त्यांची छोटी चित्रं बनवतात. शेकडो फोटो असलेला पेनड्राइव्ह लावला की सगळे ताटकळतात.

कॉपी झाल्यावर संगणकावर `Eject` केल्याशिवाय पेनड्राइव्ह ओढू नये. पडद्यावरची पट्टी पूर्ण झालेली असली तरी शेवटचा भाग लिहिला जायचा राहिलेला असू शकतो. एमपी४ फाइलमध्ये कुठे काय आहे याची अनुक्रमणिका पुष्कळदा अगदी शेवटी असते, म्हणून तेवढाच भाग गेला तरी पूर्ण फाइल उघडत नाही. काढलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावूनच फिल्म तपासावी, नाहीतर संगणक आपल्या स्मृतीतली प्रत दाखवून फसवतो.

कार्यालयाच्या टीव्हीवर चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, हेही ध्यानात ठेवावं. ही जुन्या टीव्हींपासून आलेली रीत आहे. कितीतरी टीव्ही आजही चित्र किंचित मोठं करून दाखवतात आणि चारी बाजूंनी दोन-चार टक्के भाग बाहेर जातो. तळाशी लिहिलेलं ‘आजोळ, मिरज’ अर्धं कापलं जातं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये `Screen Fit` किंवा `Just Scan` अशा नावाने हे बंद करता येतं, पण पाहुण्यांच्या गर्दीत ते शोधायला कोणी थांबत नाही. प्रत्येक कडेपासून दहाव्या भागाएवढी जागा सोडूनच अक्षरं मांडावीत.

फिल्मच्या सुरुवातीला पाच सेकंद आणि शेवटी दहा-पंधरा सेकंद नुसता काळा पडदा ठेवावा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. टीव्ही फाइल सुरू करतो तेव्हा पहिले काही सेकंद नाव आणि वेळेची पट्टी चित्रावर झळकते आणि आत्याच्या नावाची पाटी तिच्याखाली जाते. फिल्म संपताक्षणी टीव्ही एकदम फाइलींच्या यादीवर उडी मारतो किंवा तीच फिल्म पुन्हा सुरू करतो. काळ्या पडद्यामुळे टाळ्यांना अवधी मिळतो आणि रिमोटवाल्यालाही.

प्रोजेक्टरचा मामला वेगळा आहे. त्याच्यावर यूएसबीची खाच दिसली म्हणून त्यातून व्हिडिओ चालेलच असं नाही. अनेक हॉलमधल्या प्रोजेक्टरांत ती खाच फक्त फोटो दाखवण्यासाठी, वायफायचा तुकडा लावण्यासाठी किंवा आतलं सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी असते. हे पेनड्राइव्ह बनवण्याआधी विचारायचं, आणि विचारताना ‘पेनड्राइव्ह लागतो का’ असं न विचारता ‘पेनड्राइव्हवरचा एमपी४ व्हिडिओ आवाजासकट याआधी चालवलाय का’ असं विचारायचं. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याचा पडदा १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे ४:३ असतो. आपली रुंद फिल्म त्यात १०२४ बाय ५७६ मध्ये बसते, वर-खाली पट्ट्या राहतात आणि अक्षरं अंदाजापेक्षा लहान दिसतात. दिवसाउजेडी, खिडक्यांना पडदे नसलेल्या हॉलमध्ये प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी होतो. संध्याकाळी घेतलेली मुलाखत लॅपटॉपवर जेवढी उजळ वाटते, त्याहून एक पायरी उजळ करून निर्यात करावी.

या सगळ्याचा निकाल लावायला पूर्ण फिल्म लागत नाही. भाचीने ३० सेकंदांचा नमुना बनवावा. त्यात फुलांच्या वर्षावाची पाच-सात सेकंदं, मुलाखतीतला सर्वांत अंधारा तुकडा, अमेरिकेतल्या मुलाचा चेहरा आणि तळाशी नाव असलेली एक चौकट असावी. एक्स्पोर्टचे आकडे पूर्ण फिल्मचे असतील तेच ठेवावेत. हा नमुना त्याच पेनड्राइव्हवर भावाबरोबर चार दिवस आधी सांगलीला जावा आणि त्याने तो कार्यालयाच्या टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर लावून दोन्हींचा फोनवर व्हिडिओ काढून पाठवावा. आवाज आला का, चित्र कुठे थबकलं का, नाव पूर्ण दिसलं का, चेहऱ्याचा रंग कसा आहे, हे त्या व्हिडिओत दिसतं आणि दुरुस्तीला हाताशी वेळ राहतो. ओठ आणि शब्द जुळतात का, ते मात्र अर्ध्या मिनिटात कळणार नाही. त्यासाठी पूर्ण फिल्म तयार झाल्यावर घरच्या किंवा शेजारच्या टीव्हीवर मुलाखतीची शेवटची दोन मिनिटं पाहावीत.

प्रोजेक्टर पेनड्राइव्ह घेत नाही असं नमुन्यात निघालं, तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडावा लागतो. तेव्हा आवाज कुठून निघणार ते आधीच पाहावं. एचडीएमआयवरून आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या छोट्या स्पीकरकडे जातो, आणि दोनशे माणसांच्या हॉलमध्ये तो पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून प्रोजेक्टरऐवजी हेडफोन निवडावा आणि हेडफोनच्या खाचेतून केबल साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यावी. ती केबल साउंडवाल्याकडे असते, फक्त ती आणायची आहे हे त्याला एक दिवस आधी सांगितलेलं असावं लागतं.